एमसीबी निवडण्याआधी लूप मोज

एमसीबीवर ३२ लिहिलंय म्हणून ३३ अँपिअरला तो लगेच पडेल असं धरू नकोस. सी प्रकाराचा ३२ चा एमसीबी क्षणात पडायची खात्री दहापट करंटला, म्हणजे ३२० अँपिअरला असते. २३० भागिले ३२० म्हणजे ०.७२ ओहम. फेजपासून अर्थमार्गे ट्रान्सफॉर्मरपर्यंतच्या पूर्ण लूपचा रेझिस्टन्स याहून कमी हवा.

समज, लांबच्या शेडमधल्या शेवटच्या सॉकेटवर लूप टेस्टरने १ ओहम दाखवला. फॉल्ट करंट २३० अँपिअरच. सी प्रकार कदाचित काही सेकंद घेईल आणि तेवढा वेळ मशीनची बॉडी जिवंत राहील. तिथे बी प्रकार लाव. त्याला पाचपट, १६० अँपिअर पुरतात, म्हणजे १.४४ ओहमपर्यंत चालतं. वायर तापली की रेझिस्टन्स वाढतो, म्हणून थंड वायरवरचं रीडिंग या मर्यादेच्या ८० टक्क्यांत, १.१५ च्या आत ठेव. मोटर सुरू होताना बी पडत असेल तर सी प्रकारच ठेव, पण अर्थची वायर जाड करून लूप त्याच्या मर्यादेत आण.

अर्थिंग फक्त जमिनीतल्या रॉडवर असेल आणि लूप २० ओहम निघाला, तर जेमतेम ११.५ अँपिअर वाहतात. तिथे कुठलाच एमसीबी वाचवत नाही, ३० मिलिअँपिअर गळतीलाच पडणारा आरसीसीबी लावावाच लागतो.