लाल खुणेची पट्टी आणि मँचेस्टरचं विमान

प्रश्न: ताई, मी नाशिकचा, इंदिरानगरला राहतो. दोन महिन्यांनी नोकरीसाठी मँचेस्टरला निघालोय. कंबरेच्या मणक्याच्या दुखण्यासाठी दीड वर्षापासून ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉलची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. पट्टीवर लाल रंगात काहीतरी खूण आहे. सहा महिन्यांचा स्टॉक गोळे कॉलनीतल्या घाऊक औषधबाजारातून घेऊन बॅगेत टाकला तर चालेल का? विमान दुबईमार्गे आहे.

सहा महिन्यांचा नेऊ नका. दुबईमार्गे तर अजिबात नाही. मी नाशिकलाच बी.फार्म. केलं आणि आता इंग्लंडमध्ये औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. ही पट्टी मी दोन्हीकडे हाताळली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पट्टी हातात घ्या आणि उलटी करून बघा. डाव्या कोपऱ्यात वर लाल शाईत आर-एक्सची खूण असते. तुमच्या पट्टीवर तिच्या आधी इंग्रजी एन जोडलेला असेल, म्हणजे एनआरएक्स. चिठ्ठीवर मिळणाऱ्या साध्या औषधावर नुसतं आरएक्स असतं. एन लागला की समजायचं, हे औषध अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्याखाली येतं, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. ट्रामाडॉल या कायद्यात एप्रिल 2018 मध्ये आलं. खाली लाल चौकटीत आणखी एक मजकूर असतो: शेड्यूल एच-वन, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेणं धोक्याचं, चिठ्ठीशिवाय किरकोळ विक्री नाही. या चौकटीमुळे दुकानदाराला वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. त्यात डॉक्टरांचं नाव-पत्ता, तुमचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. ओळखीतला दुकानदार चिठ्ठी न बघता पट्ट्या देतो म्हणून कुणी सांगितलं, तर त्या पट्ट्या तुमच्या नावावर कुठेच नोंदलेल्या नसतात. विमानतळावर कुणी विचारलं, तर त्या तुमच्या आहेत हे तुम्ही कशाने दाखवणार? गोळे कॉलनीत चार पैसे वाचतील, पण पक्कं बिल आणि चिठ्ठीवर शिक्का नसेल तर त्या बचतीचा उपयोग नाही. जवळच्या मेडिकलमधूनच घ्या आणि बिलावर बॅच नंबर आहे ना, ते बघा.

आता किती न्यायच्या. इथे दोन देशांचे दोन नियम एकाच वेळी सांभाळायचे आहेत, आणि लोक फक्त पुढच्या देशाचा बघतात. ब्रिटनमध्ये ट्रामाडॉल जून 2014 पासून नियंत्रित औषध आहे. स्वतःसाठी तीन महिन्यांपेक्षा कमी दिवसांचं औषध आणत असाल तर वेगळा परवाना लागत नाही, डॉक्टरांचं पत्र पुरतं. तीन महिने किंवा जास्त असेल तर तिथल्या गृहखात्याचा वैयक्तिक परवाना काढावा लागतो. म्हणजे सहा महिन्यांचा साठा तिथेच अडकला.

पण आपल्या नियमांतही मर्यादा आहे. एनडीपीएसच्या नियमांप्रमाणे अशा औषधाच्या 100 मात्रा, म्हणजे तुमच्या बाबतीत 100 गोळ्या, माणूस स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी जवळ ठेवू शकतो. त्याहून जास्त, 300 पर्यंत, ठेवायच्या तर उपचार दीर्घकाळ चालणार आहे म्हणून डॉक्टरांनी तेवढ्या मुद्दाम लिहून दिलेल्या असाव्या लागतात. तुमचा हिशेब मांडून बघा. रोज दोन म्हणजे महिन्याला 60. सहा महिन्यांच्या 360, म्हणजे चिठ्ठी कशीही असली तरी आपल्याच मर्यादेबाहेर. 85 दिवसांच्या 170 ब्रिटनला चालतील, पण आपल्याकडे त्यासाठी दीर्घ उपचाराची स्पष्ट चिठ्ठी हवी. माझं मत विचाराल तर 10 गोळ्यांच्या नऊ पट्ट्या घ्या. 90 गोळ्या, 45 दिवस. दोन्हीकडच्या मर्यादेत बसतात, आणि तेवढ्या दिवसांत तुमचं तिथल्या डॉक्टरकडे नाव नोंदवून पहिली भेट होऊ शकते, फक्त पोचल्या पोचल्या नोंदणीला लागा.

डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत, लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह घ्या. त्यात तुमचं पासपोर्टवरचं नाव, कुठे आणि कधी जाताय, औषधाचं मूळ नाव, ताकद, रोजचा डोस आणि बरोबर एकूण किती गोळ्या आहेत हे सगळं हवं. मूळ नाव मुद्दाम सांगते आहे. आपल्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा नुसतं कंपनीचं ब्रँडनाव खरडलेलं असतं, आणि ते मँचेस्टरच्या अधिकाऱ्याला काहीच सांगत नाही. ट्रामाडॉल हायड्रोक्लोराइड 37.5 मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम असं लिहिलेलं असलं की तो पट्टीवरचं नाव आणि पत्रातलं नाव जुळवू शकतो. तुमच्या गोळीतलं प्रमाण पट्टीवर बघूनच घ्या.

पट्ट्या अख्ख्या ठेवा. आपल्याकडे कात्रीने चार-चार गोळ्या कापून द्यायची सवय आहे. अशा तुकड्यावर कधी नाव जातं, कधी एक्स्पायरी, कधी ती लाल खूणच अर्धी कापली जाते. उरतो तो नुसता चकचकीत तुकडा, आणि त्यातली गोळी कसली हे कुणालाच सांगता येत नाही. गोळ्या काढून आईच्या जुन्या डबीत भरणं तर त्याहून वाईट. सगळं हातातल्या बॅगेत, पत्र आणि बिलासोबत.

दुबईचं. अमिरातीत ट्रामाडॉल आणि खोकल्याच्या काही औषधांत असतं ते कोडीन, दोन्ही नियंत्रित आहेत आणि न्यायचं असेल तर तिथल्या सरकारची परवानगी आधीच घ्यावी लागते. नुसतं विमान बदलणाराही तिथे असेपर्यंत तिथल्याच कायद्याखाली असतो, आणि विमान चुकलं किंवा रद्द झालं तर तुम्ही बॅगेसकट देशात शिरता. मुंबईहून लंडनला थेट विमान आहे, पुढे मँचेस्टरला रेल्वेने जा. मी उगाच घाबरवत नाही. 2017 मध्ये एक ब्रिटिश बाई इजिप्तला 290 ट्रामाडॉलच्या गोळ्या घेऊन उतरली. जोडीदाराच्या पाठदुखीसाठी आणल्या असं तिचं म्हणणं होतं. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. गोळी तीच, देश बदलला की कायदा बदलतो.

याच्याच उलटही होतं, ते सांगून ठेवते. मणक्याच्या पेशंटला आपल्याकडे सोबत बरेचदा प्रीगाबालिन देतात. ते ट्रामाडॉलसारखं अफूच्या जातीचं, म्हणजे ओपिऑइड, नाही, त्याच्या पट्टीवर एनआरएक्स नसतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. ब्रिटनमध्ये मात्र एप्रिल 2019 पासून तेही नियंत्रित आहे. टॅपेंटाडॉल असेल तर ते तिथे ट्रामाडॉलपेक्षाही कडक यादीत आहे. खोकल्याचं औषध घेताना बाटलीवर कोडीन फॉस्फेट लिहिलंय का तेही बघा. चालू असलेलं प्रत्येक औषध त्या पत्रात यायला हवं.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. दीड वर्ष रोज दोन गोळ्या म्हणजे शरीराला तिची सवय झालेली असणार. याचा अर्थ तुम्ही व्यसनी आहात असा नाही, पण गोळी एकदम थांबली तर शरीर ओरडतं. एक-दोन दिवसांत नाक गळतं, जांभया येतात, घाम फुटतो, अंग मोडून येतं, पोट बिघडतं, झोप उडते, पाय स्वस्थ राहत नाहीत. ट्रामाडॉलचा मेंदूतल्या सेरोटोनिनवरही परिणाम होतो, म्हणून काहींना जोडीला खूप अस्वस्थ वाटतं किंवा अंगात झिणझिण्या येतात. आपल्याकडून आलेला माणूस हे सगळं थंडी बाधली म्हणून सोडून देतो. ओळखायची खूण अशी की त्रास शेवटच्या गोळीनंतर सुरू झालेला असतो आणि चुकलेली गोळी घेतली की काही तासांत ओसरतो. सर्दी गोळीने अशी ओसरत नाही.

आणि मग पुढची चूक होते. गोळ्या संपल्या, डॉक्टरची वेळ मिळाली नाही, म्हणून माणूस आमच्या दुकानात येतो आणि को-कोडामोल मागतो. त्यात 8 मिलिग्रॅम कोडीन आणि 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, आणि ते चिठ्ठीशिवाय मिळतं. खोक्यावर पुढेच ठळक लिहिलेलं असतं: सवय लागू शकते, फक्त तीन दिवसांसाठी. त्या तीन दिवसांचा अर्थ तीनच दिवस. वर थंडीतापाची वेगळी पॅरासिटामॉल आणि घरून आणलेली एखादी गोळी घेतली, तर दिवसाचं पॅरासिटामॉल 4 ग्रॅमच्या पुढे कधी गेलं ते कळत नाही, आणि यकृताचं नुकसान पहिले एक-दोन दिवस जाणवतही नाही.

म्हणून निघायच्या आधीचे हे दोन महिने वापरा. तुमच्या हाडांच्या डॉक्टरांना सरळ सांगा की ब्रिटनमधले डॉक्टर ही गोळी तशीच पुढे चालू ठेवतील याची खात्री नाही. तिथे जुन्या दुखण्यावर ओपिऑइड लांबवायला ते नाखूश असतात, आपली चिठ्ठी तिथल्या दुकानात चालत नाही, आणि चालू ठेवलीच तरी साधारण एका वेळी 30 दिवसांपुरतीच लिहितात. डोस हळूहळू उतरवता येईल का, कोणत्या वेगाने, आणि त्यासोबत फिजिओथेरपी कशी, हे त्यांनाच ठरवू द्या. मनाने एक गोळी बंद करून बघू नका. डिप्रेशनची किंवा झोपेची गोळी चालू असेल, कधी फिट आली असेल, तर तेही त्यांच्या कानावर घाला. ट्रामाडॉलसोबत या गोष्टी धोक्याच्या आहेत. एमआरआयचा रिपोर्ट आणि आधीचे कागद बरोबर आणा, पहिल्या भेटीत डॉक्टर तेच मागतील.

तिथे गेल्यावर आईला सांगून कुरियरने पट्ट्या मागवू नका. पोस्टाने आलेलं नियंत्रित औषध हे प्रवाशाने बरोबर आणलेल्या औषधात मोजत नाहीत, डॉक्टरांचं पत्र आत ठेवलं तरी ते अडवलं जाऊ शकतं. डोस उतरवून काही गोळ्या उरल्या तर खोलीतल्या मित्राला त्याची कंबर दुखते म्हणून देऊ नका, तो तिथे गुन्हा आहे. कुठल्याही फार्मसीच्या काउंटरवर नेऊन द्या, आम्ही त्या परत घेतो आणि नष्ट करायला पाठवतो. पैसे लागत नाहीत.