विश्वासघातानंतर विश्वास परत यायला इतकी वर्षे का लागतात?

प्रश्न: जवळच्या माणसाने फसवले, नंतर मनापासून माफी मागितली, मीही माफ केले. तरी विश्वास बसत नाही. माझ्यातच काही खोट आहे का?

खोट तुमच्यात नाही. माफी आणि विश्वास ही दोन वेगळी कामे आहेत. माफ करणे म्हणजे मनातला राग सोडणे, आणि ते एका संध्याकाळीही होऊ शकते. विश्वास हा पुढच्या वागण्याबद्दलचा अंदाज असतो आणि त्याला पुरावा लागतो. तो पुरावा इतक्या सावकाश का जमतो, हे मला माझ्याच वावरावरून कळले.

यवतमाळ जिल्ह्यात माझी सहा एकर कोरडवाहू जमीन आहे. मी नोकरीमुळे बाहेर राहतो आणि जमीन चुलतभावाकडे बटईने आहे, खर्च आणि उत्पन्न अर्धे-अर्धे. आमच्याकडे वेचणीची मजुरी किलोवर देतात, त्यामुळे कोणत्या बाईने किती कापूस वेचला हे रोज वहीत लिहिले जाते. तीन वर्षांपूर्वी त्यानेच पाठवलेल्या खर्चाच्या हिशोबात मजुरी 31 क्विंटलची होती आणि विक्री 27 क्विंटलची. घरात ठेवलेला कापूस सुकून थोडा उतरतो, पण चार क्विंटल उतरत नाही. विचारल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “दादा, चार क्विंटल वेगळा इकला म्या. पैशाचं लय काम होतं.”

माझ्या वाट्याचे नुकसान चौदा हजारांच्या आसपास होते आणि ते त्याने पुढे फेडलेही. तरीही त्या रात्री मी जुन्या वह्या काढून बसलो. दोन वर्षांच्या हिशोबात क्विंटलभराचा फरक निघाला. तो सुकल्यामुळे होता की विकल्यामुळे, हे आता कधीच कळणार नाही. विश्वासघात मागे जाऊन आधीच्या सगळ्या चांगल्या वर्षांनाही संशयात ओढतो, आणि ज्या आठवणींच्या आधारावर माणूस पुन्हा उभा राहिला असता, त्यांचाच आधार जातो.

ॲनेट बायर या तत्त्वज्ञ बाईंनी 1986 साली विश्वासावर लिहिलेल्या एका निबंधात भिस्त आणि विश्वास यांत फरक केला आहे. तो मला पटतो. वजनकाट्यावर आपली भिस्त असते. काटा बिघडला तर आपण चिडतो, पण काट्याने दगा दिला असे आपल्याला वाटत नाही. माणसावर विश्वास ठेवताना मात्र आपण आपली एखादी मोलाची गोष्ट त्याच्या हाती देतो, तो तिचे नुकसान करू शकतो हे जाणून देतो, आणि तो तसे करणार नाही असे धरून चालतो. विश्वास हे नैतिक मूल्य ठरते ते इथेच, कारण समोरच्याच्या सद्भावनेला त्यात जागा दिलेली असते. (बायरबाईंनी हेही बजावले आहे की प्रत्येक विश्वास चांगला नसतो, शोषणही विश्वासावर चालू शकते.)

आता अडचण पाहा. पुढच्या हंगामात भाऊ प्रत्येक काटापट्टीचा फोटो पाठवू लागला आणि सगळ्या पट्ट्या वहीशी जुळत होत्या. माझ्या मनात मात्र काही हलले नाही, कारण नजर ठेवली असताना माणूस प्रामाणिक राहिला, यातून नजर हटल्यावर तो कसा वागेल हे कळत नाही. खरा पुरावा तिथेच मिळतो जिथे त्याला फसवता आले असते आणि आपल्याला पत्ताही लागला नसता. अशी जागा त्याला पुन्हा द्यायची, तर ज्या ठिकाणी मार बसला तेच ठिकाण उघडे टाकावे लागते, आणि ते टाकवत नाही. म्हणून अविश्वास स्वतःला टिकवून धरतो. शिवाय शेतीत अशा संधी तरी किती येतात? वेचण्या तीन-चार, विकणे वर्षातून एकदा-दोनदा. रोज एका दुकानात बसणाऱ्या भागीदारांना जे सहा महिन्यांत कळेल, त्याला आम्हाला सहा हंगाम लागतील.

माझ्या बाबतीत पहिली हालचाल झाली ती मागच्या पावसाळ्यात, एका फोनने. “दादा, आपल्या वावरातली डीएपीची एक थैली उरली होती, ते माह्या वावरात टाकली म्या. तुह्या हिश्शाचे 675 रुपये हिशोबात काप.” ती थैली कुठे गेली हे मला जन्मात कळले नसते. दोन वर्षांच्या फोटोंपेक्षा त्या एका फोनचे वजन मला जास्त वाटले, कारण न विचारता, स्वतःच्या तोट्याची गोष्ट त्याने आधी सांगितली होती. तुमच्या माणसाकडूनही शपथांपेक्षा अशाच गोष्टींची वाट पाहा, आणि तशी वेळ त्याच्यावर यावी म्हणून एखादी लहान गोष्ट, जी गेली तरी तुम्हाला सोसेल, त्याच्या हाती बिनपहाऱ्याची सोडा.

यंदाच्या पहिल्या वेचणीला मी गावी गेलो नाही. वेचणीची वही मात्र मी अजून मागतो, आणि तो ती न कुरकुरता पाठवतो.