रुंदी ३६० आणि परिच्छेदाची लांबी

प्रश्न: वेबसाइटच्या आकडेवारीत बहुतेकांच्या स्क्रीनची रुंदी ३६० दिसते. म्हणजे ते अँड्रॉइडवरच आहेत असं धरायचं का? आणि त्यांच्यासाठी परिच्छेद किती लहान करावेत?

उत्तर:

३६० असेल तर बहुधा अँड्रॉइड फोन, ३९० असेल तर बहुधा आयफोन. अंदाज म्हणून ठीक आहे, त्यापुढे जाऊ नका. हे आकडे सीएसएस पिक्सेलचे असतात. प्रत्यक्षात १०८० पिक्सेल रुंद असलेला फोनही ब्राउझरला ३६० सांगतो, कारण तीन खऱ्या पिक्सेलचा एक धरला जातो. आयपॅडवर पडद्याच्या अरुंद भागात ब्राउझर उघडला की रुंदी फोनइतकी होऊ शकते. उलट फोनवर कुणी ‘डेस्कटॉप साइट’ चालू केली तर ९८० वगैरे दिसतं. शिवाय `screen.width` हा पडद्याचा आकडा आणि `window.innerWidth` हा खिडकीचा. लॅपटॉपवर खिडकी अर्धी केली किंवा पान झूम केलं, तर पहिला तसाच राहून दुसरा कमी झालेला असू शकतो. तुमच्या आकडेवारीत यातला कोणता आहे ते आधी बघा.

परिच्छेदासाठी मात्र फोन कोणाचा हे कळायची गरजच नाही. ओळीत किती शब्द मावतात, तेवढं पुरे.

३६० मधून दोन्ही बाजूंचे १६-१६ गेले की ३२८ उरतात. अक्षर १८ पिक्सेलचं ठेवलं तर मराठीचे पाच-सहा शब्द एका ओळीत बसतात. देवनागरीला वर-खाली मात्रा असल्यामुळे ओळीची उंची ३० पिक्सेल तरी हवी. आता शाळाप्रवेशाच्या सूचनेतला १२० शब्दांचा परिच्छेद घ्या: अर्ज कुणी करायचा, कागदपत्रं कोणती, फी कधी भरायची, सगळं एकत्र. फोनवर त्याच्या बावीसेक ओळी, म्हणजे ६६० पिक्सेल. ॲड्रेस बार वगळून दिसणारा पडदा जवळपास तेवढाच, म्हणजे वाचकासमोर नुसती भिंत. फी शोधणारा कुठे थांबणार? तोच मजकूर लॅपटॉपवर बाराएक ओळींत आटपतो, म्हणून लिहिणाऱ्याला काही खटकतच नाही.

मी अशा वेळी ४० ते ६० शब्दांवर थांबतो, पण शब्द मोजून तोडत नाही. वाचकाचा प्रश्न बदलतो तिथे तोडतो. इथे पात्रता, कागदपत्रं, फी असे तीन परिच्छेद आपोआप पडतात. प्रत्येक वाक्य सुटं टाकायची हल्ली फॅशन आहे, ती मला आवडत नाही. कागदपत्रं आणि त्यांच्या अटी वेगळ्या पडल्या की कुठली अट कशाची हे कळेनासं होतं.

रुंदी पाहून परिच्छेद बदलणारा कोड लिहू नका. अरुंद पडद्यासाठी एकदाच लिहा आणि मोठ्या पडद्यावर ओळ आवरा:

```css
article {
  max-width: 34em;
  line-height: 1.7;
  text-align: left;
}
```

`justify` टाळा. पाच शब्दांच्या ओळीत ‘महानगरपालिकेच्या’सारखा शब्द खाली सरकला की उरलेल्या शब्दांमध्ये मोठाल्या फटी पडतात.