मोडायला हात धजावेल तेवढंच सोनं

"बाजार कोसळला की सोनं वर जातंच ना? मग म्युच्युअल फंडातले निम्मे पैसे काढून सोन्यात टाकले तर बिघडलं कुठे?"

बाजार जरा हलला की हे विचारणारं कोणीतरी माझ्यासमोर असतंच. या वेळी होते निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे एक काका, सोबत काकू. मी त्यांच्यापुढे मार्च २०२० ठेवला. जानेवारीत ४२ हजारांजवळ असलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांखाली आला. त्याच मार्चमध्ये सोनंही डॉलरच्या भावात दहा-बारा दिवसांत दहा टक्क्यांहून जास्त पडलं होतं.

"सोनंसुद्धा?" काका चमकले.

"सुरुवातीला, हो. तोटा भरायला रोकड लागते, तेव्हा लोक जे पटकन विकलं जातं तेच विकतात. तो रेटा ओसरला की सोनं शेअर्सच्या आधी सावरतं. २००८ च्या शेवटीही तसंच झालं. शिवाय अशा वेळी रुपया घसरतो, त्यामुळे आपल्याला डॉलरएवढी घट जाणवत नाही."

मग हिशेब मांडला. वीस लाखांपैकी १२ शेअर्सच्या फंडात, ५ एफडीत, ३ सोन्यात. शेअर्स ३८ टक्के पडले, सोनं होतं तिथेच राहिलं, तर उरतात १५ लाख ४४ हजार. सोन्याचा वाटा १५ वरून जवळपास साडेएकोणीस टक्के होतो. तो परत १५ वर आणायचा, तर साधारण ७० हजारांचं सोनं विकून पडलेल्या भावात फंड घ्यायचे.

"मग आमच्याकडे आहेच की," काका म्हणाले. "हिच्या पाटल्या, तोडे..."

"त्या मोडायच्या? माझ्या हयातीत नाही!" काकू ताडकन म्हणाल्या.

त्या दिवसाचं खरं समुपदेशन काकूंनी केलं. मी कायम वर्तनाच्या बाजूने विचार करते, आणि कोणत्याही तक्त्यापेक्षा मला हे वाक्य मोलाचं वाटतं: जे मोडायला हात धजावत नाही, ते सोनं पोर्टफोलिओत धरायचंच नाही. दागिन्यांवर घडणावळही जाते. मोजायचं ते फक्त शेअर बाजारात शेअर्ससारखं घेता-विकता येणाऱ्या गोल्ड ईटीएफसारखं, विकताना जीव न तुटणारं सोनं.

"मग निम्मं का नको?" काका अजून अडलेले.

कारण सोन्याला व्याज नाही, लाभांश नाही, आणि रुसलं की वर्षानुवर्षं रुसतं. २०११ मध्ये १,९०० डॉलरपर्यंत गेलेलं सोनं २०१५ च्या अखेरीस १,०५० च्या आसपास होतं. भावाच्या शिखरावर निम्मे पैसे टाकणाऱ्याने ती वर्षं कशी काढली असती? म्हणून माझा आकडा १० ते १५ टक्के. पाच टक्क्यांनी मोठ्या पडझडीत फारसा फरक पडत नाही, आणि पंचवीसच्या पुढे सोन्याचाच भाव झोप उडवतो.

काकांनी १२ टक्के ठरवले, तेही एकदम न घेता दर महिन्याला थोडं ईटीएफ घेत. वाटा ८ च्या खाली किंवा १६ च्या वर गेला तरच हात लावायचा. पाटल्या काकूंच्या लॉकरमध्ये, हिशेबाबाहेर.