पहिली द्विभाषिक कार्यपत्रिका: सहा शब्द पुरेत

मराठी मुलांना इंग्रजी शिकवताना पहिल्याच पानावर वीस इंग्रजी शब्द घालू नका. सहा घ्या. त्यातले दोन मुलं मराठीत बोलताना रोज वापरतात असे असू द्या, उदाहरणार्थ बस आणि कप. उरलेले चार नवे: कॅट, सन, हॅट, बेड. हे सगळे छोटे आहेत आणि लिहिल्याप्रमाणेच वाचले जातात. 'नाइफ'सारखा न उच्चारलेल्या अक्षराचा शब्द सध्या नकोच.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहिणं. मूल तेवढंच वाचतं, इंग्रजी अक्षरांकडे बघतही नाही. उच्चार तुमच्या तोंडून ऐकू द्या. पानावर चित्र, मराठी शब्द आणि इंग्रजी शब्द एवढंच ठेवा.

जोड्या लावायला देताना उजवीकडच्या इंग्रजी शब्दांत एक शब्द जास्तीचा ठेवा. नाहीतर शेवटची जोडी न वाचताच जुळते.

तीस मिनिटांचा तास असा बसवा:

- ५ मिनिटं: चित्रांवर मराठीत गप्पा
- १० मिनिटं: तुम्ही इंग्रजी शब्द म्हणा, मुलं फक्त चित्राला बोट लावतील
- ५ मिनिटं: मुलं म्हणतील
- १० मिनिटं: कार्यपत्रिका

ऐकण्याआधी बोलायला लावायची घाई करू नका. लाजरी मुलं तिथेच गप्प होतात. शेवटी चित्रं आणि मराठी रकाना हाताने झाका आणि एकेका मुलाला 'सन' कुठे आहे ते विचारा. बोट अडखळलं, तर तो शब्द उद्या पुन्हा घ्या. स्पेलिंग पाठ करून घेणं नंतर बघू.