‘जाणे’चं ‘गेला’ कसं होतं?

प्रश्न: ‘जाणे’चं भूतकाळी रूप ‘जाला’ नसून ‘गेला’ का? अशी रूपं आपण पाठ करतो की डोक्यात तयार करतो?

उत्तर: दोन्ही, आणि तेही एकाच शब्दात. ‘जा’ संस्कृत ‘या’ धातूतून आला, ‘गेला’ ‘गत’मधून, म्हणजे ‘गम्’ धातूतून. दोन वेगळ्या धातूंची रूपं एका क्रियापदात नांदतात. ‘जा’वरून ‘गे’ काढून देणारा नियम नाही, तो पाठच हवा. पण पुढचं गेलो, गेलीस, गेल्या हे ‘आलो, आलीस, आल्या’च्याच साच्यातलं, ते पाठ करायची गरज नाही.

‘करणे-केला’, ‘मरणे-मेला’ यांत धातू एकच, तरी ‘धरणे-धरला’, ‘भरणे-भरला’ सरळ चालतात. नुसत्या उच्चारावरून कोण वाकडं जाणार हे कळत नाही. म्हणून लहान मुलं ‘मी करलं’ म्हणतात: साठवलेलं ‘केलं’ वेळेवर आठवलं नाही की नियम पुढे येतो. सतत वापरातली रूपं टिकतात, कारण ती पटकन आठवतात.

मात्र ‘साठा वेगळा, नियम वेगळा’ हा भाषा आणि मनाचे अभ्यासक स्टीव्हन पिंकर यांचा पक्ष सर्वमान्य नाही. रुमेलहार्ट आणि मॅक्लेलंड या संशोधकांनी 1986 मध्ये संगणकावरच्या एकाच कृत्रिम चेतापेशींच्या जाळ्याला, वेगळा नियम न देता, इंग्रजीची सरळ आणि वाकडी अशी दोन्ही प्रकारची भूतकाळी रूपं शिकवली होती. मराठीतही ‘मागितला, सांगितला, बघितला’ असे गट दिसतात, आणि ते धड नियमही नाहीत, धड सुटे अपवादही नाहीत.