निकालाच्या दिवशी छाती धडधडली तर

बारावीचा निकाल लागायच्या आधी 'आईबाबांना तोंड कसं दाखवू' हाच घोर तुला खातोय, तर आधी श्वास बघ. घाबरल्यावर तो उथळ, भरभर होतो, त्यानेच हाताला मुंग्या येतात, चक्कर येते. चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, असं पाच मिनिटं कर. जोरजोरात ओढलास तर उलट वाढेल.

बाबांशी आदल्या रात्रीच बोल: "फिजिक्स राहील असं वाटतंय. निकाल मी आधी एकटा बघणार, मग तुम्हाला सांगणार." अंदाज आधी कळला की धक्का कमी बसतो. काकांचे फोन आईने घ्यावेत, हेही तेव्हाच ठरव.

खरंच विषय राहिला, तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागव. गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि न तपासलेली उत्तरं बघतात. पुनर्मूल्यांकनासाठी छायाप्रत आधी लागते. मुदत थोडी असते, म्हणून रुसून बसू नकोस. पुरवणी परीक्षेचा अर्जही सोबतच भर.

आणि जीव नकोसा वाटला, तर त्या क्षणी एकटा राहू नकोस. घरच्या कुणालाही उठव किंवा 14416 लाव. टेली मानस ही सरकारची मानसिक आधाराची हेल्पलाइन आहे, फुकट, रात्रीही, मराठीतून.